माझ्या पीएचडीचा दुसरा वार्षिक आढावा: क-१७ची विहीर आणि उरलेले दोन ताण

माझं संशोधन काटोल परिसरातल्या विहिरींमधल्या नायट्रेटवर आहे. नोंदणी ऑगस्ट २०२३ची, म्हणजे जुलै २०२५मध्ये दोन वर्षं पूर्ण होत होती. नियमाप्रमाणे दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहावंच लागतं, पण आमच्या विभागात जुलैचा आढावा मोठा असतो. वीस मिनिटं सादरीकरण, त्यानंतर प्रश्न, आणि स्लाइडचा साचा ठरलेला: उद्दिष्टं, झालेलं काम, उरलेल्या वर्षांचं नियोजन. दुसऱ्या वर्षाच्या आढाव्याला आणखी एक गोष्ट जोडलेली असते. जेआरएफची, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपची, दोन वर्षं संपतात आणि समितीनं शिफारस केली तरच एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलोशिप, मिळते, म्हणजे महिन्याचे ३७,००० रुपये ४२,००० होतात. त्यामुळे ही पीपीटी मी जूनपासूनच करायला घेतली होती.

पहिला मसुदा सतरा स्लाइडचा झाला. तो आमच्या लॅबमधल्या एका सीनियर ताईला दाखवला. ती प्रबंध लिहिण्याच्या टप्प्यावर होती आणि तिचे असे चार आढावे होऊन गेले होते. उद्दिष्टांच्या स्लाइडवरच ती थांबली.

माझी चार उद्दिष्टं होती, सिनॉप्सिसमधून जशीच्या तशी उचललेली. काटोल परिसरातील भूजलाच्या गुणवत्तेचा अभ्यास करणे. नायट्रेटचे स्रोत ओळखणे. नायट्रेटच्या वहनाचा अभ्यास करणे. उपाययोजना सुचविणे. ताईनं विचारलं, "यातलं पहिलं संपलं हे तुला कधी कळणार?" मी म्हटलं, सगळे नमुने झाले की. "सगळे म्हणजे किती?" मला आकडा माहीत होता, पण तो स्लाइडवर कुठेच नव्हता. 'अभ्यास करणे' या क्रियापदाला शेवट नसतो. समितीतल्या कुणालाही "अजून थोडा अभ्यास करा" म्हणायला तिथे मोकळी जागा राहते, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर राहत नाही.

मग आम्ही दोघींनी बसून ती उद्दिष्टं मोजता येतील अशी लिहिली. पहिलं: ठरलेल्या ४२ विहिरींमध्ये सलग दोन वर्षं, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा किती विहिरींत आणि कुठे जास्त आहे. मर्यादा भारतीय मानक १०५०० प्रमाणे लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि त्यात सवलत नाही. दुसरं: त्यातल्या १५ निवडक विहिरींत हे नायट्रेट रासायनिक खताचं, की शेणखत आणि संडासाच्या खड्ड्यांचं, हे नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून वेगळं करणं. तिसरं: संत्र्याच्या दोन बागांमध्ये नायट्रेट मुळांच्या खाली किती खोल आणि किती दिवसांत उतरतं. चौथं मी काढूनच टाकलं. उपाय सुचवणं हा शेवटच्या प्रकरणाचा भाग आहे, ते काम म्हणून मोजता येत नाही. प्रबंधाचं शीर्षक तेच राहत असल्यामुळे एवढा बदल समितीच्या शिफारशीनं करता येतो, पण तो बदल म्हणून दाखवावा लागतो. म्हणून स्लाइडवर डावीकडे जुना शब्द, उजवीकडे नवा, अशी मांडणी केली.

खरी गोष्ट पुढच्या स्लाइडवर घडली.

झालेल्या कामाची माझी सर्वांत आवडती स्लाइड म्हणजे तीन फेऱ्यांचा आलेख होता. मे २०२४, नोव्हेंबर २०२४, मे २०२५. विहिरींमधल्या नायट्रेटचा मध्यक पहिल्या फेरीत ११, दुसरीत ५०, तिसरीत ४६. वर ठळक अक्षरात मी लिहिलं होतं: पावसाळ्यात नायट्रेट चौपटीहून अधिक वाढते व पुढील उन्हाळ्यातही टिकून राहते. मला त्या वाक्याचा फार अभिमान होता. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात घालावा एवढ्या भेगा पडतात, पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांमधून खत घेऊन थेट खालच्या मुरमात उतरतं, आणि विहीर तर मुरमातच खणलेली. कारण इतकं सरळ दिसत होतं की निष्कर्षावर शंका घ्यावी असं मनातही आलं नाही.

ताईनं विहिरीनिहाय आकडे मागितले. मी शीट उघडून दिली. तिनं एक रकाना वाढवला, नोव्हेंबरचा आकडा भागिले मेचा आकडा, आणि तो खाली ओढला. मे महिन्यात ४२ पैकी सात विहिरी कोरड्या होत्या, नोव्हेंबरात एका विहिरीचं फाटक बंद होतं, म्हणून दोन्ही फेऱ्यांत सापडणाऱ्या विहिरी ३४. त्या ३४ विहिरींचे भागाकार जवळपास सगळेच चार ते पाचच्या दरम्यान आले. बागेतली विहीर असो, गावठाणातली असो, की देवळामागच्या पडीक जागेतली, जिथे गेल्या कित्येक वर्षांत खताची गोणी आलेली नाही.

"पडीकातली पण साडेचारपट?" एवढंच ती म्हणाली.

माझ्या पोटात गोळा आला. पाऊस सगळ्या विहिरींवर सारखा पडत असला तरी सगळ्या विहिरी सारख्या वागत नाहीत. कुठे मुरूम जाड असतो, कुठे हातभरावर काळा पाषाण लागतो, कुठे वरून नाल्याचं पाणी येतं. सगळ्यांचा गुणाकार एकच येत असेल तर तो गुणाकार जमिनीनं केलेला नसतो, कागदावर कुठेतरी झालेला असतो.

पहिल्या फेरीच्या वेळी आमच्या विभागातलं आयन क्रोमॅटोग्राफ, म्हणजे पाण्यातले आयन मोजायचं यंत्र, बंद होतं, म्हणून ते नमुने बाहेरच्या एका प्रयोगशाळेत करून घेतले होते. त्यांनी दिलेला छापील तक्ता मी फाइलमधून काढला. रकान्याच्या डोक्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं: नायट्रेट-नायट्रोजन. म्हणजे त्यांनी नायट्रेटच्या रूपातल्या फक्त नायट्रोजनचं वजन दिलं होतं. आमचं यंत्र पूर्ण नायट्रेटचं वजन देतं. नायट्रोजनच्या अणूचं वजन १४, नायट्रेट आयनाचं ६२, आणि ६२ भागिले १४ म्हणजे ४.४३. त्यांची काहीच चूक नव्हती. आकडे माझ्या शीटमध्ये उतरवताना मी रकान्याचं नाव नुसतं 'नायट्रेट' असं लिहिलं होतं, आणि त्या एका शब्दाबरोबर एकक हरवलं होतं. ११ला ४.४३नं गुणलं की ४८.७ येतात. तीन फेऱ्यांचा मध्यक ४९, ५०, ४६. चौपट वाढ वगैरे काही नव्हतीच. पाणी वर्षभर साधारण तेवढंच वाईट होतं.

मग प्रश्न आला की हे तपासणीत कसं सुटलं, कारण तपासणी मी केली होती. पाण्याच्या विश्लेषणात धन आयन आणि ऋण आयनांची बेरीज सारखी यायला हवी. दोन्हींमधला फरक भागिले दोन्हींची बेरीज, ही टक्केवारी अधिक-उणे पाचच्या आत असली की नमुना स्वीकारायचा. माझे जवळजवळ सगळे नमुने आत होते. त्या रात्री मी क-१७ या एका विहिरीचं गणित हातानं केलं. तिचा पहिल्या फेरीतला आकडा १४, म्हणजे खरं नायट्रेट ६२ मिलिग्रॅम, म्हणजे आयनांची बेरीज ज्या एककात करतात त्यात बरोबर एक मिलिइक्विव्हॅलंट. मी धरलेल्या १४ मिलिग्रॅमचे होतात ०.२३. ऋण बाजूला ०.७७ कमी पडले. पण त्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम मिळून धन बाजू दहाच्या आसपास. दहा आणि ९.२३ यांच्यातला फरक त्यांच्या बेरजेच्या चार टक्के. पाचच्या आत! आमच्याकडचं पाणी इतकं जड आहे की नायट्रेटमधली एवढी मोठी चूक त्यात लपून जाते.

ती दिसली असती, पण नमुन्यागणिक नाही. चूक नसेल तर फरक कधी धन बाजूला, कधी ऋण बाजूला पडतो. माझ्या पहिल्या फेरीत ३५ पैकी ३२ नमुन्यांचा फरक धन बाजूला होता. मी प्रत्येक आकडा पाचच्या आत आहे का एवढंच पाहिलं होतं, सगळे एकाच बाजूला का झुकलेत हे नाही. आता मी हा रकाना फेरीनिहाय मांडून चिन्ह मोजते, आणि माझ्या शीटमध्ये कुठलाही आकडा एककाच्या रकान्याशिवाय उतरत नाही.

पण मला झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणानं. २०२४च्या पहिल्या आढाव्यात मी याच आकड्यांवरून सांगितलं होतं की उन्हाळ्यात एकही विहीर मर्यादेबाहेर नाही. दुरुस्त आकड्यांप्रमाणे ३५ पैकी १९ विहिरी बाहेर होत्या. आणि क-१७चे काका, ज्यांच्या बागेत मी नमुने घेते, त्यांनी मला तेव्हा विचारलं होतं की पाणी कसं आहे. मी म्हटलं होतं, "चांगलं आहे काका, मर्यादेच्या बरंच आत आहे." त्यांच्या घरात तेव्हा नातू झालेला होता. ४५ची मर्यादा आहेच मुळी तान्ह्या बाळांसाठी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेलं दूध दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते.

नोव्हेंबरचा आकडा आला तेव्हाच मी त्यांना सांगायला हवं होतं, पण तेव्हा मी तो पावसाळ्याचा परिणाम समजून बसले होते. सकाळी सातला फोन केला. काकांना म्हटलं, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, विहिरीचं पाणी बाळाला देऊ नका. ते शांतपणे म्हणाले, "आमी त्याले उकळूनच देतो ना पोरी." मला सांगावं लागलं की उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं. सुदैवानं गावात नळयोजनेचं पाणी येतं आणि त्याचा नमुना माझ्या यादीत होता, मर्यादेच्या आत. नातू आता वर्षाचा झाला होता आणि बरा होता. त्या दोन दिवसांत मी उरलेल्या अठरा विहिरींच्या मालकांनाही फोन केले. ते काम कुठल्याच स्लाइडवर गेलं नाही.

आमच्या सरांना, म्हणजे मार्गदर्शकांना, मी हे सगळं आढाव्याच्या सहा दिवस आधी सांगितलं. माझा विचार होता की नवा बरोबर आलेख टाकावा आणि विचारलं तर खुलासा करावा. सर म्हणाले, "तिसरी स्लाइड हीच ठेव. मागच्या वर्षीची दुरुस्ती. समितीकडे तुझी जुनी पीपीटी आहे, त्यांनी शोधून काढण्याआधी तू दाखव." मी तशी स्लाइड केली. जुना आकडा, नवा आकडा, चूक कुठे झाली, कशी सापडली, यापुढे कशी पकडली जाईल. पाच ओळी, आणि क-१७चं गणित.

त्याच बैठकीत सरांनी आणखी एक गोष्ट खोडली. झालेल्या कामाच्या पहिल्या स्लाइडवर मी 'उद्दिष्ट १: ७० टक्के पूर्ण' अशी हिरवी पट्टी काढली होती. "सत्तर टक्के कशाचे?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, मी ते अंदाजानं लिहिलं होतं. पट्टीच्या जागी साधा तक्ता आला: किती नमुने ठरले होते, किती मिळाले, बाकीचे का नाहीत. तीन फेऱ्यांचे ठरलेले १२६. मिळाले ३५, ४१ आणि ३७, एकूण ११३. न मिळालेल्या तेरांपैकी बारा वेळा कारण एकच, उन्हाळ्यात विहीर कोरडी. तक्ता लिहिल्यावरच लक्षात आलं की मे आणि नोव्हेंबरची सरासरी शेजारी शेजारी ठेवणंच बरोबर नाही, कारण मे महिन्यात उथळ विहिरी यादीतून आपोआप गळतात आणि उथळ विहिरींवरच वरच्या खताचा परिणाम जास्त असण्याची शक्यता. म्हणून तुलना फक्त दोन्ही फेऱ्यांत पाणी असलेल्या विहिरींची केली आणि कोरड्या विहिरी नकाशावर पोकळ वर्तुळांनी दाखवल्या. टक्क्यांच्या पट्टीत ही गोष्ट कधीच दिसली नसती.

आढावा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाला. नागपूरला दोन दिवस झड लागली होती आणि बाहेरून येणारे समितीचे सदस्य, कृषी क्षेत्रातले एक ज्येष्ठ प्राध्यापक, तासभर उशिरा पोचले. दुरुस्तीच्या स्लाइडवर मी तीन मिनिटं घेतली. आवाज कापत होता. समितीतल्या मॅडमनी फक्त एकच विचारलं, की विहीरमालकांना कळवलं का. हो म्हटल्यावर त्यांनी पुढे जायला सांगितलं.

मला वाटलं होतं की कठीण भाग संपला. कठीण भाग नियोजनाच्या स्लाइडवर होता.

माझा गँट चार्ट बघायला सुंदर होता. ऑगस्ट २०२५ ते जुलै २०२८, छत्तीस महिने, कारण फेलोशिप एकूण पाच वर्षांची. पहिलं वर्ष समस्थानिक, दुसरं वर्ष बागांमधलं काम, तिसरं वर्ष लेखन. बाहेरच्या सरांनी चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "काटोलकडे आंबिया बहार घेतात की मृग?"

म्हटलं, माझ्या दोन्ही बागा आंबियाच्या.

"मग खत कधी देतात?"

हे मला तोंडपाठ होतं, कारण काकांनीच सांगितलं होतं. आंबियासाठी डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाड मलूल होतं, पानं गळायला लागतात. साधारण जानेवारीत ताण तोडतात, म्हणजे खत देऊन भरपूर पाणी सोडतात, आणि महिन्याभरात झाड फुलांनी भरतं. काकांच्या शब्दांत, "खत तं आमी ताण तोडल्यावरच टाकतो, त्याआधी टाकून झाडाले खायची भूकच नसते."

"म्हणजे वर्षातलं खत आणि पाण्याचं सगळ्यात मोठं मिश्रण जानेवारीत जमिनीत उतरतं," बाहेरचे सर म्हणाले, "आणि तू नमुने घेतेस मे आणि नोव्हेंबरात."

मी पावसाळ्याभोवती सगळं बांधलं होतं, कारण भूजलाच्या पुस्तकात पावसाळ्याआधी आणि नंतर असंच असतं. बागेला स्वतःचा एक पावसाळा असतो, आणि तो जानेवारीत येतो, हे मला माहीत असूनही माझ्या तक्त्यात नव्हतं.

त्यांचा पुढचा प्रश्न होता की उरलेल्या छत्तीस महिन्यांत मला असे किती ताण मिळणार. मी बोटांवर मोजले. जानेवारी २०२६, जानेवारी २०२७, जानेवारी २०२८. मॅडम म्हणाल्या, "२०२८ विसर." मग फळ्यावर त्यांनी उलटं मोजायला लावलं. जुलै २०२८ला प्रबंध सादर करायचा तर मार्चपर्यंत प्री-सबमिशन सेमिनार. त्याआधी सगळी प्रकरणं सरांकडून एकदा तपासून यायला हवीत, त्याला तीन-चार महिने. म्हणजे लिहायला बसायचं २०२७च्या उन्हाळ्यानंतर लगेच, आणि लिहायला बसण्याआधी समस्थानिकांचे निकाल हातात. ते नमुने बाहेर पाठवावे लागतात, गाळून, गोठवून, आणि निकाल यायला किती महिने लागतील हे आपल्या हातात नसतं. फळ्यावर शेवटी उरलं ते असं: दोन ताण आणि दोन पावसाळे. २०२७चा पावसाळा फक्त राखीव, एखादी फेरी फसली तर. सहा वर्षांची कमाल मुदत २०२९पर्यंत आहे, पण शेवटच्या वर्षी फेलोशिप नसते, आणि माझ्या घरची परिस्थिती पाहता ते वर्ष मी नियोजनात धरू शकत नव्हते.

मग तिसऱ्या उद्दिष्टातलं मोठं भगदाड दिसलं. बागेत मुळांच्या खालचं पाणी ओढून घ्यायला मला सक्शन लायसीमीटर लावायचे होते. ही एक नळी असते, तिच्या टोकाला सच्छिद्र सिरॅमिकचं टोपण. नळीत निर्वात करून मातीतलं पाणी आत ओढायचं. माझ्या चार्टमध्ये खरेदी जानेवारी २०२६मध्ये होती. मागणीपत्र, तीन कोटेशन, खरेदी समिती, आणि मार्चअखेर निधी संपणार. ते यंत्र पहिल्या ताणाला मिळणं शक्यच नव्हतं. शिवाय लावल्यावर माती बसायला वेळ द्यावा लागतो, सुरुवातीचं पाणी टाकून द्यावं लागतं. म्हणजे दोनपैकी एक ताण मी स्वतःच्या हातानं वाया घालवत होते, आणि चार्टमधल्या सलग रंगीत पट्टीमुळे ते कुणाला दिसणार नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं.

बाहेरच्या सरांचं त्यावर आणखी एक म्हणणं होतं, आणि ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. काळी माती सुकली की आकसते. ताणाच्या काळात तर ती मुद्दाम सुकवलेली असते. सिरॅमिकचा मातीशी संपर्क सुटतो, नळीभोवती भेग पडते, आणि पाणी सोडलं की ते त्या भेगेतून सरळ खाली जातं. लायसीमीटरमध्ये येणारं पाणी मग मातीतून झिरपलेलं राहत नाही. त्यांनी विचारलं, "ऑगर आहे का विभागात?" जमिनीतून माती काढायचा, हातानं फिरवायचा साधा ऑगर होता. "मग पहिल्या ताणाला माती काढ. तीस, साठ, नव्वद, एकशेवीस सेंटिमीटर. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात हलवून नायट्रेट काढ. आधी, आणि पाणी सोडल्यावर पंधरा, तीस, साठ दिवसांनी." लायसीमीटर पावसाळ्यात लावावेत, जेव्हा माती फुगलेली असते, आणि दुसऱ्या ताणाला दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवाव्यात, असं ठरलं. एवढं सोपं उत्तर माझ्या आजूबाजूला होतं आणि मी यंत्राच्या कॅटलॉगमध्ये शोधत होते.

निकाल असा लागला: प्रगती समाधानकारक, एसआरएफची शिफारस, पण सुधारित नियोजन पंधरा दिवसांत सादर केल्यावर. मी जरा हिरमुसले होते. बाहेर पडल्यावर ताईनं मला तर्री पोहे खायला नेलं आणि तिथेच रुमालावर नव्या चार्टची पहिली रेघ काढली.

नव्या चार्टमध्ये महिने खाली बारीक अक्षरात आहेत. वर दोन ताण आणि दोन पावसाळे, आणि प्रत्येकाखाली तो सुरू होण्याआधी काय हातात असायला हवं याची यादी. पहिल्या ताणाखाली: ऑगरची धार, प्लास्टिकच्या पिशव्या, बर्फाचा डबा, पोटॅशियम क्लोराइड, आणि ४२पैकी बागांमधल्या विहिरींची जास्तीची एक फेरी. खरेदीचं मागणीपत्र ऑगस्ट २०२५मध्ये. समस्थानिकांच्या १५ विहिरी आता नायट्रेटच्या पातळीनुसार आणि आसपास बाग आहे की वस्ती यानुसार निवडल्या, फक्त जास्त आकड्याच्या नाही. प्रत्येक टप्प्याला एक ओळ, की फसला तर काय. समस्थानिकांचे निकाल वेळेत आले नाहीत तर नायट्रेट आणि क्लोराइडच्या गुणोत्तरावरून ढोबळ विभागणी. त्याचीही मर्यादा तिथेच लिहिली आहे: संत्र्याला देतात ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे स्वतःच क्लोराइड, त्यामुळे खताचं पाणी त्या गुणोत्तरात सांडपाण्यासारखं दिसू शकतं.

एका ठिकाणी मात्र मी अडले. पहिल्या ताणाच्या चौकटीत तारीख काय लिहायची? काकांना विचारलं तर म्हणाले, "तारीख नसते पोरी. झाडाकडं पाहून सोडतो पाणी." हलकी जमीन असेल तर लवकर, भारी असेल तर उशिरा, मध्येच अवकाळी आला तर सगळंच बिनसतं. म्हणून त्या चौकटीत तारीख नाही. तिथे शून्य दिवस लिहिलं, आणि पुढे पंधरा, तीस, साठ. सरांनी त्यावर सही केली.

शून्य दिवसाआधीची माती डिसेंबरातच काढून ठेवली होती. फोन आला ९ जानेवारीच्या संध्याकाळी. "उद्या पाणी सोडून राहिलो. तुले माती पाह्यजे होती ना? सकाळीच ये." ऑगर गोणपाटात बांधून मी पहाटेच गणेशपेठच्या स्टँडवर पोचले आणि काटोलची पहिली एसटी धरली. बागेत पोचले तेव्हा आळ्यांमध्ये पाणी सोडलेलं होतं, आणि काका क-१७च्या मोटारीपाशी माझी वाट पाहत उभे होते.